प्रश्नोत्तरांचं पान आहे, तरी फोन तेच: आमच्या टूर ऑफिसमधली दुरुस्ती

आमचं टूर ऑफिस लहान आहे. दोन फोन, काउंटरवर दोन ताई, आणि हिशेब, गाड्या, वेबसाइट असं उरलेलं सगळं माझ्याकडे. वेबसाइटवर ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ असं पान पहिल्यापासून होतं. त्यावर चाळीसेक प्रश्नही होते. तरी चारधामचा हंगाम जवळ आला की दोन्ही फोन दिवसभर गरम. प्रश्न तेच: तिकीट आलं का, केदारनाथला किती चालायचं, स्वेटर किती घ्यायचे, आईला खालचा बर्थ मिळेल ना. एकच माणूस आठवड्यात तीनदा तेच विचारणार आणि दर वेळी आपण तेवढंच गोड बोलणार.

माझी पहिली चूक म्हणजे मी प्रश्न वाढवत गेलो. कोणी नवीन काही विचारलं की पानाच्या तळाला एक प्रश्न जोडायचो. पान लांबलं, फोन होते तेवढेच राहिले. ज्यांच्याकडे हीच तक्रार आहे त्यांनी पानाला हात लावण्याआधी एक काम करावं, ते आधी सांगतो.

आधी बिघाड कुठला ते ओळखा

फोनशेजारी साधी वही ठेवली. दोन आठवडे आलेला प्रत्येक प्रश्न फोन करणाऱ्याच्या शब्दांत लिहायचा, आपल्या शब्दांत नाही. शेजारी टूरची तारीख. आणि शेवटी त्यांना एक साधी विचारणा: “आम्ही पाठवलेली लिंक उघडतेय ना?” हे वाक्य ताईंनी शोधलं. “पान वाचलंत का?” असं विचारलं की समोरच्याला वाटतं आपण शाळेत उभे आहोत. “उघडतेय ना?” म्हटलं की माणूस खरं सांगतो.

उत्तरं तीनच प्रकारची येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

“कुठली लिंक?” म्हणजे पान त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. आमच्याकडे याचं कारण गमतीशीर निघालं. बुकिंग करतो बंगळुरूचा किंवा दुबईचा मुलगा. लिंक, पावती, सगळं त्याच्या व्हॉट्सॲपवर जातं. प्रवासाला निघतात साताऱ्याचे आईवडील आणि फोन करतात तेच. पान कितीही सुंदर केलं तरी ज्याच्या हाती ते नाही तो फोनच करणार. तेव्हापासून बुकिंगच्या फॉर्मवर ‘प्रवास करणाऱ्याचा नंबर’ अशी वेगळी ओळ आली आणि लिंक दोन्ही नंबरांवर जाते.

“उघडली, पण सापडलं नाही.” म्हणजे पानाची मांडणी चुकली.

“वाचलं, पण म्हटलं एकदा विचारून घ्यावं.” म्हणजे उत्तर चुकलं. वाचूनही त्या माणसाची शंका तशीच उरली.

वही उलटून बघितली तर दुसरा आणि तिसरा प्रकारच जास्त होता. प्रश्न कमी पडताहेत असं एकाही पानावर दिसलं नाही.

एका प्रश्नाची शस्त्रक्रिया: ‘रेल्वेचं तिकीट कधी मिळेल?’

वहीची कितीतरी पानं या एकाच प्रश्नाने भरली होती, म्हणून तोच सविस्तर घेतो. आमच्या पानावरचं जुनं उत्तर असं होतं: ‘रेल्वे तिकिटे आरक्षण सुरू झाल्यानंतर काढली जातात व प्रवाशांना कळवले जाते. रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी सुरू होते.’

यात दोन दुखणी होती. एक उघड, एक आतलं.

उघड दुखणं म्हणजे माहिती शिळी होती. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, प्रवासाचा दिवस सोडून. आमच्या पानावर १२० तसंच. आमची एक टूर २० मे २०२५ ला निघणार होती. लोक हुशार असतात, त्यांनी पानावरून मागे मोजलं आणि २० जानेवारीपासून फोन सुरू झाले. आरक्षण उघडणार होतं २१ मार्चला सकाळी ८ वाजता. मधले दोन महिने आम्ही आमच्याच पानाने तयार केलेल्या प्रश्नाला उत्तरं देत बसलो.

पान दुरुस्त केलं तरी ते पुरलं नाही, कारण १२० हा आकडा पावतीच्या मागच्या छापील अटींत होता, व्हॉट्सॲपच्या तयार उत्तरात होता आणि एका ताईंच्या तोंडातही बसला होता. शेवटी नियम केला: बदलणारा आकडा फक्त पानावर राहील, बाकी सगळीकडे पानाची लिंक. पावतीच्या मागे आता आकडाच नाही.

आतलं दुखणं जास्त शिकवणारं होतं. ६० दिवस असं बरोबर लिहिल्यावर जानेवारीपासूनचे ते फोन थांबले, पण २१ मार्चनंतर नवेच सुरू झाले: “जायचं तिकीट आलं, यायचं का नाही आलं? काही गडबड आहे का?” गडबड काहीच नव्हती. परतीची गाडी हरिद्वारहून २ जूनची, म्हणजे तिचं आरक्षण ३ एप्रिलला उघडणार. दोन तिकिटांत तेरा दिवसांचं अंतर पडणारच. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं की सांगावं असं सुचलंच नाही. पण घरी बसलेल्या माणसाच्या हातात एक तिकीट आहे, दुसरं नाही, आणि आमच्याकडून चकार शब्द नाही. तो फोन करणार नाही तर काय करणार?

तेव्हा माझ्या लक्षात आलं की लोक माहितीसाठी जेवढे फोन करतात त्यापेक्षा जास्त, आपल्याकडून काही कळायला हवं होतं आणि कळलं नाही, म्हणून करतात. ‘कळवले जाते’ यात कधी ते नाही. म्हणून नवं उत्तर असं लिहिलं:

‘जायचं तिकीट २१ मार्चला आणि यायचं तिकीट ३ एप्रिलला काढतो, कारण रेल्वे प्रत्येक तारखेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडते. त्यामुळे मधले तेरा दिवस तुमच्याकडे फक्त जायचं तिकीट असेल. तिकीट काढलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पीएनआर नंबर तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल. ५ एप्रिलपर्यंत दोन्ही नंबर आले नाहीत तर फोन करा.’

शेवटच्या वाक्याला मी घाबरत होतो. ‘फोन करा’ लिहिलं तर फोन वाढतील ना? उलट झालं. फोन कधी करायचा ते कळल्यावर त्या तारखेआधी करायचं कारण उरलं नाही. ५ एप्रिलनंतर जे दोनचार फोन आले ते खरेच कामाचे होते, एकाचा तर नंबरच फॉर्मवर चुकीचा लिहिलेला निघाला.

यात अर्थात एक अट आहे. पानावर ‘दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत’ लिहिलं की ते पाळावंच लागतं. ऑफिसला जमणार नसेल तर चार दिवस लिहा, पण लिहिलेलं चुकवू नका. एकदा चुकलं की पुढच्या प्रत्येक उत्तरावर ‘एकदा विचारून घ्यावं’ सुरू होतं.

उत्तराचा साचा

या एका प्रश्नावरून सगळ्या उत्तरांना एकच शिस्त लावली. पहिल्या वाक्यात हो, नाही, तारीख किंवा आकडा. दुसऱ्यात कारण किंवा अपवाद. शेवटी पुढे काय होणार आणि फोन कधी करायचा. मोबाइलच्या एका पडद्यात मावलं पाहिजे, त्यापेक्षा मोठं झालं तर बहुधा दोन प्रश्न एकत्र शिरलेले असतात.

खालच्या बर्थचं उदाहरण घ्या. जुनं उत्तर होतं, ‘लोअर बर्थसाठी प्रयत्न केला जाईल, खात्री देता येत नाही.’ हे खरंच आहे, पण या उत्तराने कोणाचा फोन वाचणार? प्रत्येकाला वाटतं, आपण फोन करून आग्रह धरला तर प्रयत्न जरा जास्त होईल. आता लिहिलंय की ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना आहे, पण तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तरच. सहाजणांच्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलं तर हा कोटा मिळत नाही. तेव्हा आईबाबांचं तिकीट वेगळं काढायचं की सगळ्यांचं एकत्र, ते बुकिंगच्या वेळीच फॉर्मवर लिहा. वेगळं काढलं तर डबा वेगळा येऊ शकतो. बर्थची हमी आजही आम्ही देत नाही. पण आता लोकांच्या हातात निवड आहे आणि ती वेळेवर करायची आहे हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे नंतर आग्रह धरायला फोन येत नाही.

आणि हो, ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. हेही एक ओळ लिहून टाकलं, कारण दर हंगामात कोणीतरी ‘सीनियर सिटिझनचे पैसे कमी का नाही केले’ म्हणून थोडं रागावूनच फोन करतं.

मांडणी: खात्यांप्रमाणे नाही, प्रवाशाच्या दिवसांप्रमाणे

जुन्या पानाचे भाग होते: बुकिंग, पेमेंट, वाहतूक, निवास, भोजन, इतर. ही आमच्या ऑफिसची कपाटं आहेत. प्रवाशाच्या डोक्यात अशी कपाटं नसतात. ‘गाडी कुठून सुटते’ हे तो वाहतुकीत शोधत नाही, उद्या निघायचं आहे म्हणून शोधतो. आणि ‘इतर’मध्ये तर कोणीच डोकावत नाही.

आता चार भाग आहेत: पैसे भरण्याआधी, पैसे भरल्यापासून निघेपर्यंत, निघण्याचा आठवडा, आणि प्रवासात. परत आल्यावर विचारायचं असं फारसं नसतं. जीएसटीचं बिल आणि फोटो, दोन प्रश्नांत संपतं, म्हणून त्याला भाग केला नाही. वहीतल्या प्रश्नांशेजारी टूरची तारीख लिहिली होती ती इथे उपयोगी पडली. कुठला प्रश्न किती दिवस आधी येतो ते स्वच्छ दिसत होतं.

प्रत्येक टूरचं पान वेगळं हेही त्यातूनच ठरलं. ‘थंडी किती असते’ या प्रश्नाचं केरळ आणि केदारनाथ मिळून एक उत्तर लिहायला गेलं की ते ‘हवामानानुसार कपडे घ्यावेत’ असंच होतं. काश्मीरच्या पानावर सगळ्यात वर आहे की इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड चालतं. हा प्रश्न केरळला जाणाऱ्याला दाखवायचं काहीच कारण नाही.

प्रश्नांची भाषा वहीतली. आम्ही लिहायचो ‘आरोहण मार्गाविषयी माहिती’. लोक विचारतात, “गाडी कुठपर्यंत जाते आणि पुढे किती चालायचं?” आता प्रश्न तोच आहे आणि उत्तर: आपली गाडी सोनप्रयागपर्यंत. तिथून ५ किलोमीटर गौरीकुंडपर्यंत तिथल्या जीपने. पुढे मंदिरापर्यंत साधारण १६ किलोमीटर चढ, पायी, घोड्यावर, माणसाच्या पाठीवरच्या कंडीत किंवा पालखीत. हेलिकॉप्टरने जायचं तर तिकीट फक्त heliyatra.irctc.co.in वर मिळतं, त्यासाठी यात्रेची नोंदणी आधी झालेली लागते, आणि ते मिळेलच असं आम्ही सांगू शकत नाही. दुसऱ्या कुठल्या साइटवर किंवा फोनवर पैसे भरू नका. शेवटचं वाक्य ठळक केलं आहे, कारण या तिकिटांच्या नावाखाली फसवणूक सर्रास चालते.

पानाचं नावही बदललं. ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ यावर बोट ठेवावंसं कोणाला वाटत नाही. आता मेनूत लिहिलंय ‘चारधाम: तिकीट, चालणं, सामान’.

लिंक थेट त्या उत्तरावर उघडली पाहिजे

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कोणी विचारलं की अख्ख्या पानाची लिंक पाठवून उपयोग नसतो. आजोबा पान उघडतात, वर गणपतीचा फोटो दिसतो, बंद करतात आणि फोन करतात. म्हणून प्रत्येक प्रश्नाला स्वतःची खूण, म्हणजे खालच्या कोडमधला `id`, दिली. उत्तरं बंद घडीत, म्हणजे प्रश्नावर बोट ठेवल्यावरच उघडणारी असली तर आणखी एक अडचण येते: लिंक त्या प्रश्नापर्यंत जाते पण घडी मिटलेलीच राहते. त्याला एवढा कोड पुरतो:

```html
<details id="tikit">
  <summary>७. रेल्वेचं तिकीट कधी मिळेल?</summary>
  <p>जायचं तिकीट २१ मार्चला...</p>
</details>

<script>
function ughda() {
  const d = document.getElementById(location.hash.slice(1));
  if (d && d.tagName === 'DETAILS') {
    d.open = true;
    d.scrollIntoView();
  }
}
addEventListener('load', ughda);
addEventListener('hashchange', ughda);
</script>
```

आता पानाच्या पत्त्यापुढे `#tikit` जोडून पाठवलं की तेच उत्तर उघडलेलं दिसतं. खूण मुद्दाम रोमन अक्षरांत आहे. देवनागरीत दिली तर पाठवताना तिचं `%E0%A4` असं लांबलचक शेपूट होतं आणि सावध माणूस ती लिंक फसवणुकीची समजून उघडत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात. ताई `/chalna` टाइप करतात, लिंक आणि उत्तराचं पहिलं वाक्य जातं. पहिलं वाक्य जातंच, कारण अर्ध्या लोकांचं काम तेवढ्यात होतं. मात्र तारीख असेल तर ती तयार उत्तरात लिहीत नाही, तिथे फक्त लिंक. १२० चा धडा ताजा आहे.

प्रश्नांना क्रमांक आहेत तेही विनाकारण नाहीत. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये हेच पान कागदावर छापून देतो, त्याच क्रमांकांनी. फोनवर “काका, कागदावरचा सात नंबर बघा बरं” म्हणता येतं. नवा प्रश्न आला तर शेवटचा क्रमांक मिळतो, मधले सरकवत नाही. नाहीतर कोणाच्या कागदावर सात म्हणजे तिकीट आणि कोणाच्या कागदावर सात म्हणजे इन्सुलिनचं इंजेक्शन थंड कसं ठेवायचं.

एक बाजूची गोष्ट. वेबसाइटवाले अजूनही सांगतात की पानाला `FAQPage` स्कीमा, म्हणजे ‘ही प्रश्नोत्तरं आहेत’ असं गुगलला सांगणारा कोड, लावा, गुगलच्या शोधात प्रश्न खाली उघडलेले दिसतील. गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरती मर्यादित केली. टूर ऑफिसने त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

पानाने न सुटणारे फोन

वहीत एक मोठा ढीग असा होता की ज्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं: माझं कन्फर्म झालं का, माझे किती पैसे राहिले, आमची खोली कोणाबरोबर. याला प्रश्नोत्तरांचं पान कधीच पुरणार नाही आणि ‘कार्यालयाशी संपर्क साधावा’ असं लिहून ते पानात घालणं म्हणजे फोनचं आमंत्रणच. हे प्रश्न पानावरून काढले. बाकी रक्कम आता प्रत्येक पावतीवर ठळक छापतो. तिकिटाची स्थिती बघायला पीएनआर पाठवताना १३९ नंबर लिहितो, आणि आरएसी म्हणजे काय ते तिथेच सांगतो: गाडीत बसायला नक्की मिळेल, पण बर्थ मोकळा झाला नाही तर साइड लोअरवर दोघांना मिळून बसावं लागेल.

आणि काही फोन कमी करायचेच नाहीत. “आईचे गुडघे दुखतात, जमेल का हो तिला?” याला १६ किलोमीटर हे उत्तर नाही. त्या बाईंना कोणाशी तरी बोलायचं असतं, घोडा की पालखी ते ठरवायचं असतं, कधी कधी कोणीतरी ‘नको नेऊ’ म्हणावं असंही वाटत असतं. त्या प्रश्नाखाली आम्ही उत्तर लिहिलेलं नाही. ताईंचा नंबर आणि दुपारी ३ ते ५ ही वेळ लिहिली आहे. फोन नंबर लपवण्याचा सल्लाही मला मिळाला होता. करून बघू नका. नंबर दिसला नाही की माणसाला पहिली शंका येते की ही मंडळी पैसे घेऊन पळणारी तर नाहीत.

पुन्हा बिघडलं हे कसं कळतं

वही बंद केलेली नाही, फक्त रोजच्याऐवजी महिन्यातला एक आठवडा लिहितो. एखादा प्रश्न अचानक वाढला आणि लोक म्हणताहेत “पानावर तर असं लिहिलंय”, तर बाहेर काहीतरी बदललं आणि पान मागे राहिलं. “सापडलं नाही” वाढलं तर प्रश्न चुकीच्या भागात आहे किंवा त्याची भाषा आमची आहे. प्रत्येक उत्तराखाली ‘तपासलं’ म्हणून तारीख असते. ती माझ्यासाठी ठेवली होती, पण प्रवासीही ती बघतात हे नंतर कळलं.

चारधामच्या पानाची दुरुस्ती आता दोन दिवशी ठरलेली आहे. बद्रीनाथ मंदिराचे दरवाजे कधी उघडणार ते वसंत पंचमीला जाहीर होतं आणि केदारनाथचे कधी ते महाशिवरात्रीला. त्या दोन्ही संध्याकाळी मी कॅलेंडर घेऊन बसतो, प्रत्येक टूरच्या जायच्या आणि यायच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजतो आणि सात नंबरचं उत्तर नव्याने लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ते वाचतात, बोटांवर परत मोजतात, आणि मगच जुने कागद रद्दीत जातात.